शिक्षणाचे कर्ज आणि घरची शिल्लक

बारावीचा निकाल लागून प्रवेशाची यादी जाहीर झाली, की मध्यमवर्गीय घरात एक जुना प्रश्न नव्याने उभा राहतो. महाविद्यालयाची फी बँकेतील ठेवी मोडून भरावी, की शैक्षणिक कर्ज काढावे? या प्रश्नाचे उत्तर बहुधा हिशेबापेक्षा स्वभावावरून दिले जाते. ज्यांना कर्जाचे भय असते ते आयुष्यभराची पुंजी मोडतात. ज्यांना पुंजी मोडणे जिवावर येते ते कर्ज काढतात, आणि शिक्षण संपेपर्यंत हप्ता नाही म्हणजे जणू व्याजही नाही, अशा समजुतीत चार-पाच वर्षे काढतात. हे दोन्ही निर्णय कधी योग्य ठरतात, कधी चुकतात. ते कधी चुकतात हे कळण्यासाठी शिकण्याच्या वर्षांत साचत जाणाऱ्या व्याजाचा हिशेब मांडणे आवश्यक आहे, आणि तो मांडण्यास शाळेत शिकविलेले सरळव्याज व चक्रवाढ व्याज एवढे ज्ञान पुरेसे आहे.

भारतातील बँकांचे शैक्षणिक कर्ज मुख्यतः इंडियन बँक्स असोसिएशनने २००१ साली तयार केलेल्या व पुढे वेळोवेळी सुधारलेल्या आदर्श योजनेच्या चौकटीत दिले जाते. या योजनेचे दोन विशेष येथे महत्त्वाचे आहेत. पहिला असा, की अभ्यासक्रमाचा काळ आणि त्यापुढील एक वर्ष परतफेडीचा हप्ता सुरू होत नाही. दुसरा असा, की या स्थगितीच्या काळात व्याज आकारले जातेच, मात्र ते सरळव्याजाने आकारले जाते. व्याजावर व्याज चढत नाही. स्थगितीचा काळ संपला, की साचलेले सर्व व्याज मुद्दलात मिळविले जाते आणि त्या वाढलेल्या रकमेवर मासिक हप्ता बांधला जातो. हप्ता नाही याचा अर्थ व्याज नाही असा नव्हे. व्याजाची मागणी पुढे ढकललेली असते, एवढेच.

पाच वर्षांचा हिशेब

एका माध्यमिक शिक्षकाचे उदाहरण घेऊ. वय ५० वर्षे, निवृत्ती ५८ व्या वर्षी, मुलगी अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाला. अभ्यासक्रम चार वर्षांचा आहे आणि दरवर्षीच्या प्रारंभी दीड लाख रुपये भरावयाचे आहेत, म्हणजे एकूण ६ लाख. शिक्षकाजवळ तेवढीच रक्कम मुदत ठेवीत आहे व तिच्यावर वर्षाकाठी ७ टक्के व्याज पडते. बँक १० टक्के दराने कर्ज देण्यास तयार आहे. प्रत्यक्षात कर्जाचा दर बहुधा बदलता असतो आणि ठेवीचा दरही मुदतीगणिक निराळा असतो. परंतु हिशेबाची रीत समजण्यासाठी हे दोन आकडे स्थिर धरण्यास हरकत नाही.

कर्ज काढल्यास बँक सगळे ६ लाख एकदम देत नाही. दरवर्षी फी भरण्याच्या वेळी दीड लाख महाविद्यालयाकडे पाठविते. त्यामुळे प्रत्येक वर्षाच्या रकमेवर निरनिराळ्या मुदतीचे व्याज चढते. चार वर्षे शिक्षण व एक वर्ष सवलत मिळून पाच वर्षे होतात. पहिल्या वर्षीच्या दीड लाखावर पाच वर्षांचे व्याज ७५,००० रुपये होते. दुसऱ्या वर्षीच्या रकमेवर चार वर्षांचे ६०,०००, तिसऱ्या वर्षीच्या रकमेवर तीन वर्षांचे ४५,००० आणि चौथ्या वर्षीच्या रकमेवर दोन वर्षांचे ३०,००० रुपये होतात. बेरीज २,१०,००० रुपये. मुलीचा पहिला हप्ता सुरू होण्याच्या दिवशी कर्जाची रक्कम ६ लाख नसून ८ लाख १० हजार असते.

येथपर्यंतचा आकडा पाहून अनेक पालक दचकतात व ठेव मोडण्याचा निर्णय घेतात. परंतु हा हिशेब अर्धाच आहे. ठेव मोडली तर तिच्यावरचे व्याजही बुडते, आणि हे बुडालेले व्याज कोणत्याही पासबुकात खर्च म्हणून दिसत नसले तरी तो खर्चच होय. तेच चार दीड लाख ठेवीत राहिले असते, तर ७ टक्के चक्रवाढीने पाच वर्षांअखेर पहिल्याचे सुमारे २,१०,४००, दुसऱ्याचे १,९६,६००, तिसऱ्याचे १,८३,८०० आणि चौथ्याचे १,७१,७०० रुपये झाले असते. एकूण सुमारे ७,६२,५०० रुपये. म्हणजे ठेवीतून फी भरणाऱ्याचे १,६२,५०० रुपयांचे व्याज बुडते, तर कर्ज काढणाऱ्यास २,१०,००० रुपयांचे व्याज लागते. पाच वर्षांअखेर खरा फरक २,१०,००० चा नसून सुमारे ४७,५०० रुपयांचा आहे.

हा फरक अपेक्षेपेक्षा लहान का, याचे कारण व्याजाच्या दोन पद्धतींत आहे. कर्जावर १० टक्के, पण सरळव्याज. ठेवीवर ७ टक्के, पण चक्रवाढ. दरातील ३ टक्क्यांचे अंतर पद्धतीमुळे काहीसे भरून निघते. अर्थात ठेवीच्या व्याजावर आयकर भरावा लागत असेल, तर हे चित्र बदलते. २० टक्क्यांच्या कराच्या पायरीवरील व्यक्तीच्या हाती अधिभारासह कर वजा जाता ७ टक्क्यांपैकी साडेपाचच्या आसपास उरतात. मग तीच ठेव पाच वर्षांत ७,२६,००० पर्यंतच वाढते व फरक सुमारे ८४,००० रुपये होतो. ठेव मोडावी की ठेवावी हे ठरविताना ठेवपावतीवर छापलेला दर न पाहता कर गेल्यावर हाती येणारा दर पाहावा, तो यासाठी.

फरकाचे मोल काय?

आता प्रश्न असा, की हे ४७,५०० रुपये देऊन शिक्षकाच्या पदरात काय पडते? पाच वर्षे त्याची ठेव शाबूत राहते. या पाच वर्षांत घरात मोठे आजारपण आले, घराचे छप्पर बदलावे लागले, किंवा म्हाताऱ्या आईवडिलांच्या शस्त्रक्रियेचा प्रसंग आला, तर पैसा हाताशी असतो. ठेवी फीत खर्चून टाकणाऱ्या गृहस्थावर असा प्रसंग आला, तर त्याला वैयक्तिक कर्ज काढावे लागते. ते अधिक महाग असते, त्याचा हप्ता पुढच्याच महिन्यापासून सुरू होतो आणि त्याला सरळव्याजाची सवलत नसते.

येथे दोन मार्गांतील एक विषमता ध्यानात येते. शैक्षणिक कर्ज काढल्यावर ते कोणत्याही दिवशी ठेवीतून फेडता येते. बदलत्या दराच्या कर्जावर मुदतपूर्व परतफेडीचा दंड व्यक्तींकडून घेता येत नाही, असा रिझर्व्ह बँकेचा नियम २०१४ पासून आहे. याउलट, एकदा ठेवीतून भरलेली फी मागाहून शैक्षणिक कर्जात रूपांतरित करणे अवघड असते, आणि अभ्यासक्रम संपल्यावर तर तो मार्ग बंदच होतो. म्हणजे पहिला निर्णय फिरविता येतो, दुसरा फिरविता येत नाही. ज्या घरात फी भरल्यावर वर्षभराच्या खर्चाइतकीही शिल्लक उरत नाही, त्या घराने ही विषमता ४७,५०० रुपयांपेक्षा मोठी मानावी. ज्या घरात फी भरूनही पुरेशी पुंजी उरते, त्या घराला मात्र या विम्याची गरज नाही व तेथे ठेवीतून फी भरणेच स्वस्त आहे.

हप्ते सुरू झाल्यावर

पाच वर्षांनंतर चित्र पालटते. आता ८,१०,००० हे मुद्दल बनते व त्यावर मासिक हिशेबाने व्याज चालू होते. सात वर्षांची मुदत घेतल्यास हप्ता सुमारे १३,४५० रुपये बसतो व एकूण ११,२९,००० च्या आसपास भरावे लागतात. मुदत दहा वर्षांची केली तर हप्ता १०,७०० पर्यंत उतरतो, परंतु एकूण भरणा १२,८४,००० वर जातो. पंधरा वर्षांची केली तर हप्ता ८,७०० रुपयांचा होतो आणि एकूण भरणा १५,६६,००० च्या घरात पोहोचतो. हप्ता लहान दिसावा म्हणून मुदत लांबविणे ही या व्यवहारातील सर्वांत महाग चूक होय. शिकण्याच्या पाच वर्षांतील व्याज २,१०,००० होते. सातऐवजी पंधरा वर्षे घेतल्याने त्याच्या दुप्पट रक्कम जादा जाते.

म्हणून ज्याने ठेव राखून कर्ज काढले, त्याने स्थगितीचा काळ संपताना पुन्हा एकदा थांबून हिशेब करावा. उदाहरणातील शिक्षक तेव्हा ५५ वर्षांचा असेल. त्याच्याजवळ ७,६२,५०० ची ठेव व मुलीच्या नावावर ८,१०,००० चे कर्ज, ज्याचा तो स्वतः सहकर्जदार आहे. सात वर्षांचे हप्ते त्याच्या वयाच्या ६२ व्या वर्षापर्यंत, म्हणजे निवृत्तीनंतर चार वर्षे चालतील. मुलगी नोकरीस लागून हप्ते भरू लागली तर चिंता नाही. परंतु नोकरी लांबली तर बँकेची नोटीस दोघांनाही येते, आणि थकलेल्या हप्त्यांची नोंद दोघांच्याही पतइतिहासात होते. हे कर्ज मुलीचे आहे असे घरात मानले जाते. कागदावर ते वडिलांचेही असते.

ठेवीतून फी भरली आणि मुलीने पुढे तोच १३,४५० रुपयांचा हप्ता सात वर्षे वडिलांच्या ठेवीत भरला, तर ७ टक्क्यांनी त्याचे सुमारे साडेचौदा लाख रुपये होतात. उलट कर्ज काढून ठेव तशीच बारा वर्षे ठेवली आणि मुलीने हप्ते बँकेत भरले, तर ठेवीचे सव्वाबारा ते साडेबारा लाख होतात. अंतर सुमारे दोन लाखांचे. कागदावर ठेवीचा मार्ग उघडच सरस ठरतो. परंतु त्याला एक अट आहे, आणि ती अट गणिताच्या पुस्तकात नाही. बँकेचा हप्ता महिन्याच्या ठरलेल्या तारखेला भरावाच लागतो. वडिलांचा हप्ता मागण्यास कोणी येत नाही. आईवडील मागत नाहीत, मुलांच्या ध्यानात राहत नाही, मग लग्न, भाड्याचे घर, गाडी यांत तो मागे पडतो. असे हप्ते न आल्यास वडिलांच्या म्हातारपणीच्या पुंजीतून साडेचौदा लाख नव्हे, तर सगळीच रक्कम गेलेली असते. महाराष्ट्रात १ नोव्हेंबर २००५ पासून शासकीय व अनुदानित सेवेत आलेल्यांना सर्वसाधारणपणे जुन्या पद्धतीचे निवृत्तिवेतन नाही. त्यांच्या बाबतीत ही पुंजी म्हणजे निवृत्तिवेतनाचाच एक भाग असतो. शिक्षणासाठी कर्ज मिळते, म्हातारपणासाठी मिळत नाही, हा विचार अशा घरांनी प्रथम करावा.

व्याज वेळीच भरावे काय?

ठेवही राखावयाची आणि कर्जही फुगू द्यावयाचे नाही, असा मधला मार्ग पगारदाराला खुला असतो. शिकण्याच्या वर्षांत दरमहा फक्त व्याज भरत जावे. उदाहरणात पहिल्या वर्षी महिन्याला १,२५० रुपये, दुसऱ्या वर्षी २,५००, तिसऱ्या वर्षी ३,७५० आणि चौथ्या व पाचव्या वर्षी ५,००० रुपये होतात. पाच वर्षांत भरणा तोच २,१०,००० रुपयांचा होतो, पण हप्ता सुरू होताना मुद्दल ६ लाखच राहते. सात वर्षांचा हप्ता मग १३,४५० ऐवजी ९,९६० रुपयांचा बसतो. सर्व मिळून भरणा सुमारे १०,४७,००० होतो, म्हणजे ११,२९,००० पेक्षा ८२,००० रुपयांनी कमी. शिवाय शिकण्याच्या काळात व्याज नियमित भरणाऱ्यास दरात १ टक्का सवलत देण्याची तरतूद आदर्श योजनेत आहे. ती बँकेने दिली, तर पाच वर्षांत आणखी सुमारे २१,००० रुपये वाचतात. मात्र ही सवलत देणे बँकेच्या इच्छेवर आहे, म्हणून ती मंजुरीपत्रात लिहिली आहे की नाही हे आधी पाहावे.

ही सवलत मिळत नसेल, तर एक बारकावा उपयोगी पडतो. स्थगितीच्या काळात व्याजावर व्याज नसल्याने ते व्याज महिन्याच्या महिन्याला भरले काय, किंवा काळ संपण्याच्या आदल्या आठवड्यात एकरकमी भरले काय, बँकेच्या हिशेबात फरक पडत नाही. तेव्हा तीच रक्कम दरमहा आवर्ती ठेवीत टाकून, हप्ता बांधला जाण्यापूर्वी साचलेले सर्व व्याज चुकते केल्यास मधल्या काळातील ठेवीचे व्याज घरात राहते. आपल्या उदाहरणात ते सुमारे ३०,००० रुपये होते. यात दोन पथ्ये आहेत. आवर्ती ठेव मध्येच मोडू नये, आणि मुद्दलात व्याज मिळविण्याची नेमकी तारीख बँकेकडून लेखी घ्यावी. ती तारीख उलटली, की ८,१०,००० हेच मुद्दल होते.

सर्वच संस्था मात्र सरळव्याज आकारत नाहीत. बँकेतर वित्तसंस्थांचे नियम निराळे असतात. काही ठिकाणी व्याज महिन्याच्या महिन्याला मुद्दलात मिळविले जाते. दर तोच १० टक्के धरला, तरी या पद्धतीने पाच वर्षांअखेर देणे ८,१०,००० ऐवजी ८,५५,००० वर जाते. म्हणून दर विचारण्यापूर्वी पद्धत विचारावी. तपासणीही सोपी आहे. दरवर्षी खातेउतारा मागवावा आणि प्रत्येक वर्षी दिलेली रक्कम, गेलेली वर्षे व दर यांचा गुणाकार करून बेरीज घ्यावी. उताऱ्यातील व्याज त्याहून ठळकपणे अधिक असेल, तर एक तर दर बदललेला असतो, नाही तर व्याजावर व्याज चढलेले असते. यांपैकी काय घडले, हे विचारण्याचा कर्जदाराला अधिकार आहे.

शासन व्याज भरते तेव्हा

वरील सर्व हिशेब एका गोष्टीने उलटा होतो, आणि ती म्हणजे व्याजसवलत. केंद्र शासनाच्या २००९ पासूनच्या योजनेनुसार, ज्या कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न साडेचार लाखांपर्यंत आहे त्या कुटुंबातील विद्यार्थ्याचे तांत्रिक वा व्यावसायिक अभ्यासक्रमासाठी घेतलेल्या कर्जावरील स्थगितीच्या काळातील संपूर्ण व्याज शासन भरते. तेथे कर्जाचे व्याज शून्य आणि ठेवीचे १,६२,५०० रुपये जमा. अशा घराने ठेव मोडून फी भरणे म्हणजे तेवढे रुपये सोडून देणे होय.

नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या पीएम विद्यालक्ष्मी योजनेत, निवडक उच्च शिक्षणसंस्थांत प्रवेश घेणाऱ्या व ८ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असणाऱ्या विद्यार्थ्यांना १० लाखांपर्यंतच्या कर्जावर स्थगितीच्या काळात ३ टक्के व्याजसवलत ठेवली आहे. मात्र दरवर्षी लाभार्थ्यांची संख्या मर्यादित असते. हा लाभ मिळाला, तर उदाहरणातील कर्ज १० ऐवजी ७ टक्क्यांनी पडते. व्याज २,१०,००० वरून १,४७,००० वर येते, म्हणजे करमुक्त ठेवीच्या १,६२,५०० पेक्षाही कमी. दर सारखा, पण एकीकडे सरळव्याज आणि दुसरीकडे चक्रवाढ. तेथे पाच वर्षे कर्ज राखून ठेव वाढू देणे आणि नंतर ठेवीतून ते चुकते करणे हाच किफायतशीर मार्ग ठरतो. या सवलती आपोआप मिळत नाहीत. उत्पन्नाचा दाखला व अर्ज वेळेत द्यावा लागतो, आणि शिक्षण मध्येच सोडल्यास हक्क जातो.

याशिवाय आयकराच्या जुन्या पद्धतीत शैक्षणिक कर्जाच्या भरलेल्या व्याजाची पूर्ण वजावट आठ वर्षांपर्यंत मिळते. मुद्दलाची मिळत नाही, आणि नवी करपद्धती निवडणाऱ्याला ही वजावटच नाही. तेव्हा केवळ कर वाचतो म्हणून कर्ज काढणाऱ्याने आपण कोणत्या पद्धतीने कर भरतो हे आधी पाहावे.

शेवटी बहुसंख्य घरांसाठी उत्तर पूर्ण कर्ज किंवा पूर्ण ठेव असे नसून दोहोंचे मिश्रण असते. असे मिश्रण करताना सुरुवातीच्या वर्षांची फी ठेवीतून व शेवटच्या वर्षांची कर्जातून भरावी, असे सांगितले जाते, कारण पहिल्या वर्षीच्या रकमेवर व्याज सर्वाधिक काळ चढते. पहिली दोन वर्षे ठेवीतून भरल्यास कर्जाचे व्याज ७५,००० होते, शेवटची दोन ठेवीतून भरल्यास १,३५,०००. वाचलेले दिसतात ६०,०००. पण ठेवीचे बुडालेले व्याजही जमेस धरले, तर खरा लाभ साडेआठ हजारांचाच उरतो. त्याहून मोठा लाभ निराळा आहे. कर्ज ३ लाखांवर राहते, आणि आदर्श योजनेत ४ लाखांपर्यंतच्या कर्जाला स्वतःचा हिस्सा भरावा लागत नाही. उलट ज्याला पहिल्याच वर्षांत ठेव हाताशी असण्याची निकड आहे, त्याने साडेआठ हजारांच्या लोभाने हा क्रम पत्करू नये.

ज्या रात्री प्रवेशाची फी भरावयाचे ठरते, त्या रात्री घरातील एका कोऱ्या कागदावर चार ओळी मांडल्या तरी पुरे: दरवर्षीची रक्कम, हप्ता सुरू होईपर्यंतची वर्षे, कर्जाचे सरळव्याज आणि ठेवीचे कर वजा जाता चक्रवाढ व्याज. या कागदावर मुलाची वा मुलीची नजर पडली तर अधिकच बरे. जे कर्ज त्यांच्या नावावर निघणार, किंवा जी पुंजी त्यांच्यासाठी मोडली जाणार, तिचा आकडा त्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक असणे हा हिशेबाचाच एक भाग आहे.